तीन ओळी लिहायला पाऊण तास

परवा सकाळी साडेसातला मोबाईल वाजला. टीममधल्या मित्राचा मेसेज होता, एका ओळीचा. "आप्पा पहाटे गेले. गावी निघालोय." गाव म्हणजे खंडाळा. लोणावळ्याशेजारचं नव्हे, आमच्या सातारा जिल्ह्यातलं. नीरा नदी ओलांडली, शिरवळ मागे टाकलं, की खंबाटकी घाटाच्या अलीकडे लागतं ते. जुने लोक अजून पारगाव-खंडाळा म्हणतात.

नऊ वाजेपर्यंत टीमच्या ग्रुपवर रांग लागली होती. आर आय पी. ओम शांती. भावपूर्ण श्रद्धांजली. जोडलेले हात, जोडलेले हात, जोडलेले हात. एकाने "लोणावळ्याला किती वाजता पोचायचं?" असंही विचारलं. मीही सवयीने "भावपूर्ण" इतकं टाईप केलं आणि थांबलो.

कारण साधं आहे. श्रद्धांजली गेलेल्या माणसाला वाहतात. आप्पा काही आमच्या ग्रुपवर नव्हते. ग्रुपवर होता त्यांचा मुलगा, आणि त्याच्याशी थेट कोणी बोलतच नव्हतं. त्याला हवं ते सांत्वन, आणि सांत्वन जिवंत माणसाचं करायचं असतं. या एका फरकाने निम्मा मेसेज सुधारतो असं माझं मत आहे.

दुसरी गोष्ट, ग्रुपवर दुःख व्यक्त करण्यात एक सोय असते. हजेरी लागते आणि आपण मोकळे. म्हणून ग्रुपवर काहीच न लिहिता मी त्याला वेगळा मेसेज करायला घेतला. पहिला खर्डा असा झाला:

"तुझ्या वडिलांच्या निधनाची दुःखद बातमी कळली. तुझ्या दुःखात आम्ही सर्व सहभागी आहोत. ईश्वर मृतात्म्यास शांती देवो. खंबीर राहा. काही लागलं तर नक्की सांग."

वाचून बघितलं. यात चूक काहीच नाही, पण हा मेसेज कोणालाही, कोणाच्याही वडिलांसाठी पाठवता येईल. पेपरातल्या निधनवार्तेखाली चालेल. रोज ज्याच्या शेजारी बसून डबा खातो त्याला असं लिहिलं तर तो म्हणेल, याला काय झालं अचानक? आम्ही एकमेकांना अरे-तुरे करतो, आणि मी त्याला तहसीलदारासारखं पत्र लिहीत होतो.

मग एकेक वाक्य काढत गेलो. "खंबीर राहा" काढलं. ज्याला आज रडायचंय त्याला आपण हे काम का लावतो? थोरला मुलगा म्हणून गावातले दहा जण त्याला हेच सांगणार, वर "आता आईला तूच बघायचं" हेही ऐकवणार. अकराव्याची गरज नाही. "समजू शकतो" असं लिहावंसं वाटलं होतं, तेही नको. माझे वडील आहेत, मी काय समजणार? वय किती होतं, काय झालं होतं, कुठल्या हॉस्पिटलात, हे तर मुळीच नको. तो ते पन्नास वेळा सांगून दमलेला असतो. "सुटले बिचारे" किंवा "सोनं झालं" हे म्हणायचा हक्क फक्त घरच्यांचा, बाहेरच्याचा नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला "काही लागलं तर सांग" या वाक्यात. ते खरं असतं, पण निरुपयोगी असतं, कारण काय लागतंय हे शोधायचं काम आपण त्याच्यावरच टाकतो. हे मी स्वतः करून बसलोय. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या नोकरीत, एका सहकाऱ्याची आई गेली. मी हेच वाक्य पाठवलं आणि तिसऱ्या दिवशी त्यालाच सर्व्हरचा पासवर्ड विचारला! तो बिचारा त्या दिवशी राख सावडून घरी आला होता. त्याने पासवर्ड पाठवला, बोलला काहीच नाही. मला अजून लाज वाटते.

म्हणून यावेळी आधी मॅनेजरशी बोललो, त्याच्या नावावरचं काम काय आहे ते बघितलं आणि मगच लिहिलं. राहिला प्रश्न आप्पांबद्दल काय लिहायचं. मी त्यांना कधी भेटलो नव्हतो. पण दर जानेवारीत त्यांचा हुरडा ऑफिसात यायचा. पहिल्या वर्षी आम्ही तो पॅन्ट्रीतल्या मायक्रोवेव्हमध्ये भाजायचा उद्योग केला, आणि आप्पांनी फोनवर सगळ्या टीमला झापलं होतं. तेवढं पुरेसं आहे. भेट झाली नसेल तर त्याच्याच तोंडून ऐकलेली एखादी गोष्ट लिहावी. आपला माणूस दुसऱ्याच्याही लक्षात आहे, हे कळणं म्हणजेच सांत्वन. थोरवी गाऊ नये. "आधारवड कोसळला" वगैरे तर नकोच.

शेवटी गेलेला मेसेज हा:

"अरे, आप्पा गेल्याचं वाचून फार वाईट वाटलं. हुरडा मायक्रोवेव्हमध्ये घातला म्हणून त्यांनी स्पीकरवर आम्हाला झापलं होतं, ते सकाळपासून आठवतंय. तेराव्यापर्यंत तुझा ऑन-कॉल माझ्याकडे आहे आणि महिनाअखेरचं रिलीज मी करतोय, मॅनेजरशी बोलून झालंय. ऑफिसातून कोणी फोन करणार नाही. उत्तर देऊ नकोस. रविवारी येतोय."

बस. पाऊण तास लागला. यातलं "उत्तर देऊ नकोस" हे मला महत्त्वाचं वाटतं. नाहीतर घरात माणसं बसलेली असताना तो पन्नास जणांना "थँक्स" टाईप करत बसतो.

काही मित्र म्हणतील, एवढा काय विचार करायचा, भावना पोचल्याशी मतलब. खरंय. काहीच न पाठवण्यापेक्षा जोडलेले हात बरे. आणि ज्याच्याशी जेमतेम ओळख आहे, त्याला "वाचून वाईट वाटलं, तुझी आठवण काढतोय" इतकंच पुरे, तिथे ओढूनताणून आठवण घालायला गेलं तर खोटं वाटतं. सहकारी वेगळ्या धर्माचा असेल तर ओम शांतीपेक्षा हे साधं वाक्यच बरं. त्यात चुकण्यासारखं काही नाही.

रविवारी गेलो. पुण्याहून साठेक किलोमीटर. ओसरीवर सतरंजी, भिंतीला टेकून बसलेली माणसं. कोणी फारसं बोलत नव्हतं. शेजारच्या घरातून भाकरी-पिठलं आलं होतं, कोणी मागितलेलं नव्हतं. मी बसलो, चहा नको म्हणालो, वीसेक मिनिटांनी उठलो. एरवी आपण निघताना "येतो" म्हणतो. दुखवट्याच्या घरी म्हणत नाहीत, नुसतं उठून निघायचं. तेव्हा वाटलं, आपल्या माणसांना हे सगळं आधीच ठाऊक होतं. कमी बोला, न विचारता भाकरी पाठवा, निरोपाचं गोड वाक्य नको. ऑन-कॉल घेणं ही आमच्या धंद्यातली भाकरी, एवढंच.

मित्र गाडीपर्यंत आला. मेसेजबद्दल काहीच बोलला नाही. फक्त म्हणाला, "आईला वाचून दाखवला. हुरड्याचं ऐकून हसली जरा."

असो. तेरावा झाल्यावर तो परत येईल आणि सगळे पुन्हा कामाला लागतील. कॅलेंडरवर पुढच्या महिन्यातला एक दिवस मी मात्र खूण करून ठेवलाय. तेव्हा फोन कोणाचेच येत नसतात.