बरो, बरे, बरें

आपल्या मराठी मंडळींचा एक आवडता टोमणा आहे. "कोंकणीला धड शुद्धलेखन तरी आहे का हो? दहा माणसं, दहा तऱ्हा!" देवनागरीतलं कोंकणी पान पुढं आलं की सगळीकडं अनुस्वार दिसतात, आणि मग निष्कर्ष निघतो, की ही तर आपलीच जुनी पोथी.

जरा थांबा. कोंकणीत 'बरो' म्हणजे चांगला, 'बरे' म्हणजे चांगले (अनेक पुरुष), आणि 'बरें' म्हणजे चांगलं. तसंच 'बरी' ही एक बाई आणि 'बरीं' ही चांगली मुलं. तो टिंब काढला की लिंग आणि वचन दोन्ही गेलं. तो नाकातून उच्चारला जातो, म्हणून लिहायचा. आपण १९६२च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार सोडले, आपल्यापुरतं ते ठीकच होतं. पण आपली फूटपट्टी शेजारणीच्या अंगाला लावायची कशाला?

खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती टोमणे मारणाऱ्यांना दिसत नाही. हाच 'बरो' बार्देस-साष्टीतला ख्रिस्ती माणूस 'बोरो' असा म्हणतो. घराला 'घोर' म्हणतो. रोमी लिपीत तो तसंच लिहितो, बी-ओ-आर-ओ. तियात्र १८९२पासून चालू आहे, त्याची गाणी, साप्ताहिकं, प्रार्थना, सगळा संसार या रोमीत उभा राहिला. आणि १९८७च्या राजभाषा कायद्यानं व्याख्या केली, की कोंकणी म्हणजे देवनागरी लिपीतली कोंकणी. झालं! एका ओळीत अर्धं घर ओसरीवर.

लिपीवरून भांडणं चालू आहेत, चालू राहतील. माझं भांडण त्यानंतरच्या गोष्टीशी आहे. लिपी ठरवणं एक, आणि त्या लिपीत कुणाचं बोलणं लिहायचं हे ठरवणं दुसरं. देवनागरीची प्रमाण कोंकणी बरीचशी अंत्रुज महालाच्या, म्हणजे फोंड्याकडच्या बोलीवर बेतली गेली. ते कुणी फारसं बोलून दाखवत नाही, पण शाळेत उमटतं. ओळखीच्या एका साष्टीकर मुलीची वही मी पाहिली. तिनं लिहिलं होतं 'हांव वेतां', मी जाते. बाईंनी लाल शाईनं 'वेतां' खोडून 'वतां' केलं होतं. घरी आई, आजी, सगळे 'वेतां' म्हणतात. त्या पोरीनं काय समजायचं?

'बरो' आणि 'वतां' यांत फरक आहे, तो नियम करणाऱ्यांनी पाहायला हवा. अंत्रुजचा 'अ' तिकडे अनेकदा ओकडे झुकतो. घर-घोर, बरो-बोरो, म्हजें-म्होजें. हा फरक पुष्कळ शब्दांत एकाच दिशेनं जातो. अशा ठिकाणी 'घर' असं एकच लिहावं आणि ज्यानं त्यानं आपल्या घरचं वाचावं. तिथे देवनागरीचा 'अ' छत्रीसारखा उपयोगी पडतो. रोमीतला ओ मात्र एकालाच आत घेतो, हेही रोमीवाल्यांनी कबूल करावं. छत्रीला भोक आहे ते लिहिताना. साष्टीच्या मुलाला 'घर' आणि 'चोर' दोन्हींत ओच ऐकू येतो, मग कुठं काना-मात्रा द्यायची ते पाठच करावं लागेल. आपण नाही का ऱ्हस्व-दीर्घ पाठ केले!

'वतां-वेतां'ला मात्र ही छत्री पुरत नाही. 'अ'वरून 'ए' कुणाला ओळखता येणार? तिथं दोन्ही रूपं कोशात शेजारी-शेजारी हवीत, आणि परीक्षेत दोन्हींना पूर्ण गुण. शब्दांचंही तेच. लग्नाला तिकडं 'काजार' म्हणतात, पोर्तुगीजांकडून आलेलं. ते परकं म्हणून बाहेर काढायचं आणि 'विवाह' आत घ्यायचा, ही शुद्धी नव्हे, घरच्या माणसाला पाहुणा करणं झालं. उलट दैनिकाला 'दिसाळें' आणि साप्ताहिकाला 'सातोळें' हे शब्द पाहा. 'दीस' आणि 'सात' दोन्हीकडचेच, त्यामुळं कुणालाच काही सोडावं लागलं नाही.

एक पंडित मित्र म्हणतात, "दोन रूपं चालवली तर छापणाऱ्यानं काय करायचं?" एका पुस्तकात एकच रूप ठेवावं, पुढच्यात दुसरं. नॉर्वेत बुकमोल आणि नीनोर्स्क अशा एकाच भाषेच्या दोन लेखी तऱ्हा शाळांत चालतात, शिवाय प्रत्येकीत पुष्कळ शब्दांना पर्यायी रूपं मान्य आहेत. तिथले छापखाने काही बंद पडलेले नाहीत.