बोट अंधारात गेली की आधी खलाशाला शिव्या घालणाऱ्यांसाठी

बाल्टिमोरच्या पुलाचा विषय निघाला की अजूनही कमेंट येते, "आपलेच लोक होते ना बोटीवर? झोपले असतील." मी बोटीच्या इंजिन रूममध्ये नोकरी केलेला माणूस आहे, म्हणून हे ऐकवत नाही. काय झालं ते एकदा नीट वाचा आणि मग कुणाला शिव्या घालायच्या ते ठरवा.

बोटीला किनाऱ्यावरून वायर येत नाही, वीज तिथेच तयार करावी लागते. त्यासाठी मुख्य इंजिनाशिवाय वेगळी डिझेल इंजिनं असतात आणि प्रत्येकाला एक आल्टरनेटर जोडलेला असतो. 'डाली'वर असे चार जनरेटर होते. ते 6600 व्होल्टची वीज करायचे आणि ट्रान्सफॉर्मर ती 440 वर उतरवायचा. पंप, दिवे, सुकाणू सगळं या 440 वर. आता खरी मेख बघा. मुख्य इंजिन स्वतः तेलावर चालतं, पण त्याला थंड ठेवणारं पाणी विजेच्या पंपाने फिरतं. पंप बंद पडला की इंजिन जळू नये म्हणून ते आपोआप बंद होतं. म्हणजे वीज गेली की बोटीची चालही गेली.

26 मार्च 2024, पहाटे 1:25. पूल सुमारे एक किलोमीटरवर. ट्रान्सफॉर्मरचा ब्रेकर अचानक उघडला. अमेरिकी तपास यंत्रणेला, म्हणजे एनटीएसबीला, कारण सापडलं ते एका सिग्नल वायरमध्ये. वायरवर नंबराची पट्टी अशी बसवली होती की टोक क्लॅम्पमध्ये पूर्ण आत जातच नव्हतं. वायर सैल राहिली, संपर्क तुटला, ब्रेकर उघडला. जनरेटर चालूच होते, पण 440 ची बाजू मेली आणि मुख्य इंजिन थांबलं.

दुसरा ट्रान्सफॉर्मर तयार होता. यंत्रणा ऑटोवर असती तर साधारण दहा सेकंदांत भार तिकडे गेला असता. ती मॅन्युअलवर होती. तरी इंजिनिअर मंडळींनी हाताने ब्रेकर बसवून 58 सेकंदांत वीज परत आणली. अंधारात, अलार्मच्या कल्लोळात! "झोपले होते" म्हणणाऱ्यांनी घरचा एमसीबी शोधायला किती वेळ लागतो ते आठवावं.

पण वीज पुन्हा गेली. चालू असलेल्या दोन जनरेटरना इंधन देत होता फ्लशिंग पंप. हा पंप खरं तर तेलाच्या लाईन धुण्यासाठी असतो. इंधनाचा नेहमीचा पंप वीज परत आली की आपोआप सुरू होतो. हा होत नाही, कुणीतरी जाऊन बटण दाबावं लागतं. पहिल्या अंधारात तो थांबला, वीज आली तरी थांबलेलाच राहिला. इंधनाचा दाब उतरत गेला आणि दोन्ही जनरेटर पडले. आता मात्र 6600 सुद्धा गेलं. राखीव जनरेटर आपोआप उठला, माणसांनी दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरवरून 440 परत घेतलं. पण मुख्य इंजिन इतक्या कमी वेळात पुन्हा चालू होणं शक्यच नव्हतं. आणीबाणीच्या जनरेटरवर सुकाणू हलतं हो, पण पंखा पाणी मागे ढकलत नसेल तर एवढ्या जड बोटीला ते वळवणार किती? पायलटच्या मेडेमुळे पुलावरची वाहतूक तरी थांबली. खड्डे बुजवणारे सहा मजूर मात्र गेले.

फ्लशिंग पंप वापरणं चूक होतं का? होय, शंभर टक्के. पण ती एका रात्रीची डुलकी नव्हती, कामाची पद्धत झाली होती. किनाऱ्यावरून बोट चालवणाऱ्या कंपनीची देखरेख अपुरी होती, असं एनटीएसबीनेही म्हटलंय. चुकीचा पंप रोज चालू दिसत असताना तपासणीत तो कुणाच्या डोळ्यांत खुपला नाही, हा माझा आक्षेप आहे. वेळेत बोट सुटली की सगळे खूश आणि पूल पडला की इंजिनिअर दोषी, हे कुठलं गणित?

आपल्याकडची किती पोरं मर्चंट नेव्हीत जातायत. पोरगा सुट्टीवर आला की पगार विचारता ना? सोबत हेही विचारा: तुझ्या बोटीवर ब्लॅकआऊट ड्रिल खरोखर वीज घालवून होते, की रजिस्टरात सही मारून? वीज आल्यावर कुठला पंप आपोआप उठतो आणि कुठला नाही, हे तुला पाठ आहे का? उत्तर देताना तो अडखळला, तर त्याला रागावू नका. त्याच्या कंपनीला विचारा.