बिल निम्मे केले म्हणजे समता आली का?

आमच्या अभ्यासिकेत येणाऱ्या एका तरुणाने मध्यंतरी सांगितले, "दादा, ती मुलगी चांगली होती, पण मी पुन्हा फोन केला नाही." कारण विचारले तर बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "परवडणार नव्हतं."

प्रेमाच्या गोष्टीत हे वाक्य कोणी बोलत नाही. जात आडवी आली, घरचे आडवे आले, असे आपण उघड सांगतो. पण खिसा आडवा आला हे सांगायची लाज वाटते. आमचे म्हणणे असे आहे की पहिल्या-दुसऱ्या भेटीतच पैशाचे बोलायला हवे, आणि 'पुरुषाने द्यावे' किंवा 'निम्मे-निम्मे करावे' या दोन्ही तयार उत्तरांनी ते बोलणे होत नाही.

आधी त्याचा हिशोब पाहू. पोरगा पुण्यात नोकरीला. हातात पगार २६,००० रुपये. खोलीचे भाडे ६,५००, मेस ४,०००, बसपास आणि मोबाइल मिळून १,५००, गावी आईवडिलांना ८,०००, धाकट्या बहिणीच्या क्लासला ३,०००. उरले ३,०००. घरातला पहिला पगारदार असला की पगार त्याचा एकट्याचा नसतो, हे आपल्या वस्तीतल्या कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

भेट ठरली कोरेगाव पार्कातल्या एका कॅफेत. जागा मुलीने सुचवली. तिला ती ओळखीची आणि सुरक्षित वाटत होती, एवढेच कारण. ती आईवडिलांकडे राहते, पगार ४०,०००. दोन कॉफी ४८०, पास्ता ४२०, पिझ्झा ५२०, शेवटी गोड २८०. झाले १,७००. त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज १७०, आणि या सगळ्यावर पाच टक्के जीएसटी. एकूण १,९६४ रुपये. मुलीने पर्स काढली, याने "छे छे, मी देतो" म्हणून फोन पुढे केला. महिन्याच्या उरलेल्या पैशांतले दोन तृतीयांश दीड तासात गेले.

पुढे काय झाले? त्याने दुसऱ्या भेटीचे टाळले. मुलीने दोनदा मेसेज केला, उत्तर तुटक आले. ती आमच्याही ओळखीची. ती म्हणाली, "त्याला मी आवडले नसेन, नाहीतर माझी जात वेगळी म्हणून घरच्यांनी अडवलं असेल." इथे मात्र जात आडवी आलीच नव्हती. १,९६४ रुपये आडवे आले होते, आणि ते कोणी बोलले नाही म्हणून तिने ते जातीच्या खात्यावर लिहिले. ज्यांना आयुष्यभर नकाराची सवय लावली गेली आहे त्यांच्यात असे गैरसमज फार लवकर होतात, आणि दोन्ही बाजूंनी होतात.

आता पहिले तयार उत्तर घेऊ: पुरुषानेच द्यावे. त्यात मुलाची दमछाक आहेच, पण मुलीचे नुकसान मोठे आहे. जो देतो तो जागा ठरवतो, वेळ ठरवतो आणि काही जण पुढे हक्कही सांगतात. "एवढा खर्च केला तुझ्यावर" हे वाक्य पुष्कळ मुलींनी ऐकले आहे. हुंड्यात मुलीकडचे देतात, इथे मुलाकडचा देतो. उलटसुलट दिसले तरी दोन्हीकडे पैशाने माणसाची पायरी ठरते. बाबासाहेबांनी जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत सांगितले होते की लग्न करणाऱ्या मुलीने नवऱ्याची दासी होऊ नये, मैत्रीण म्हणून, बरोबरीने उभे राहावे. ती बरोबरी लग्नाच्या दिवशी अचानक येत नाही. पहिल्या बिलापासूनच ती पाळावी लागते.

मग दुसरे उत्तर येते: निम्मे-निम्मे करा, झाली समता. या बिलाचे निम्मे म्हणजे ९८२ रुपये. तिच्या महिन्यात ते सहज मावतात. याच्या उरलेल्या तीन हजारांचा तो एक तृतीयांश. भागाकार समान, भार असमान. म्हणजे बिल कसे वाटायचे हा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न, बिल किती होऊ द्यायचे आणि ती जागा कोणाच्या खिशाच्या मापाने निवडायची? आमचे उत्तर साधे आहे. ज्याचा खिसा लहान, त्याच्या मापाने जागा ठरवा. मग निम्मे करा, नाहीतर आज एकाने, पुढच्या वेळी दुसऱ्याने द्या. दोन्ही चालते.

हे बोलायचे कधी? जागा ठरवताना, मेसेजवरच. बिल टेबलावर आल्यावर उशीर झालेला असतो, कारण तेव्हा वेटर उभा असतो आणि दोघांनाही आब राखायचा असतो. शब्द साधे ठेवा: "या महिन्यात माझं दोनतीनशेचं बजेट आहे. सारसबागेत भेटू, भेळ खाऊ, आपापलं देऊ. चालेल?" यात पगाराचा आकडा सांगावा लागत नाही, घरची कहाणीही नाही. समोरच्याचा पगार तर पहिल्या भेटीत विचारूच नये. ती मुलगी बघण्याच्या कार्यक्रमातली चौकशी होते. मुलीला जागा सुरक्षित हवी असेल तर तिने तसे सांगावे. वर्दळीची आणि स्वस्त अशी जागा पुण्यात मिळत नाही असे नाही.

भेटीत बसल्यावर मागवण्याआधी एकदा बोला, आणि बिल वाचा. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे. हॉटेलने तो परस्पर लावू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये सांगितले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते कायम ठेवले. वरच्या बिलातून तो काढायला लावला असता तर १,७८५ रुपये झाले असते. जीएसटी मात्र द्यावाच लागतो. आणि अ‍ॅपवर ओळख झालेली व्यक्ती एका ठरावीक, अनोळखी कॅफेचाच हट्ट धरत असेल, मेन्यूवर भाव नसतील, तर उठा. हजारोंची बिले लावून लुटण्याचे असे प्रकार दिल्ली-मुंबईत उघड झाले आहेत.

"बजेट सांगितले आणि तिने नाकारले तर?" असे पोरे विचारतात. नाकारू शकते. कोणाला महागडी संध्याकाळ हवी असते, तो तिचा प्रश्न. पण उधारीवर किंवा 'नंतर भरा'च्या हप्त्यावर चार भेटी करून पाचव्या भेटीत तेच कळण्यापेक्षा पहिल्या मेसेजला कळलेले स्वस्त पडते. एवढे मात्र लक्षात ठेवा: बजेटला 'चालेल' म्हणणारे माणूस पुढेही बरोबरीने वागेलच, ही खात्री एका उत्तरातून मिळत नाही. त्याने फक्त बोलण्याची वाट उघडते.

त्या दोघांना आम्ही एकमेकांचे म्हणणे सांगितले नाही, तो आमचा अधिकार नाही. पोराला एवढेच म्हणालो, "खरं कारण तिला लिही." त्याने लिहिले. तिचे उत्तर एका ओळीत आले: "मग सांगायचं ना, मलाही तो पिझ्झा नको होता."