पहाटेचा अर्धा तास कुणाचा?

कचेरीत दिवसभर बसून काम करणाऱ्या बाईला डॉक्टर सांगतात, “सकाळी फिरायला जा, नाहीतर संध्याकाळी जिमला.” डोंबिवलीहून मुंबईला नोकरीला जाणाऱ्या आमच्या मैत्रिणीने विचारले, “कुठल्या सकाळी?” पाचला उठून पाणी, चौघांचे डबे, मग धावत लोकल. घरी परतायला साडेसात, की पुन्हा ओटा.

‘घरकाम हाच बायकांचा व्यायाम’ हे उत्तर फसवे आहे. भरभर चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, इतका दम लागायला हवा. पोळ्या लाटताना पाठ भरून येते, दम लागत नाही. जागतिक आरोग्य संघटना (२०२०) अशी किमान १५० मिनिटे आठवड्याला सांगते. म्हणजे पाच दिवस, रोज अर्धा तास. २०१९ च्या सरकारी पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात रोज सरासरी २९९ मिनिटे जात होती, पुरुषांची ९७. या २०२ मिनिटांच्या तफावतीतली तीस मागणे ही चैन नव्हे.

मैत्रिणीने घरी सांगून टाकले, “डबे तुम्ही करा.” पहिल्याच आठवड्यात भाजी करपली. तरी ती फिरायला गेलीच.

सकाळ की संध्याकाळ, हे नंतर. आधी ओटा कुणाचा, ते ठरवू या!