अर्ज आपल्याच बँकेकडे

संपादक महोदय,

चुकीच्या खात्यात गेलेले पैसे ‘समोरच्या बँकेत जाऊन सोडवून घ्यावेत’, हा आपल्या अंकातील सल्ला वाचकांची धावपळ वाढवणारा आहे. त्या बँकेचे आपण ग्राहकच नसतो. लेखी अर्ज पैसे पाठवणाऱ्या आपल्या बँकेलाच त्याच दिवशी द्यावा आणि पोच घ्यावी. त्यात तारीख, वेळ, रक्कम, आपला खाते क्रमांक, चुकून टाकलेला व खरा क्रमांक, दोन्हींचे आयएफएससी आणि यूटीआर हवा. यूटीआरवरूनच व्यवहार सापडतो. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही.

‘नाव जुळले नाही, म्हणजे चूक बँकेची’ हेही खरे नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०१० च्या परिपत्रकानुसार रक्कम केवळ खाते क्रमांकावरून जमा होते. म्हणूनच २०२५ पासून एनईएफटीत आधी खातेदाराचे नाव पाहण्याची सोय आली. हे लेखकाने सांगायलाच हवे होते.

जमा झालेली रक्कम त्या खातेदाराच्या संमतीशिवाय बँक सहसा परत वळवत नाही. तो अडून बसला, तर करार कायद्याचे कलम ७२ आपल्या बाजूने आहे, मात्र त्यासाठी दिवाणी दावा करावा लागतो. आपल्या बँकेनेच तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

– एक वाचक, जोगेश्वरी (पूर्व)