एका ओळीत एकच गोष्ट

आमच्याकडे लग्नाचा बायोडाटा पूर्वी फुलस्केप कागदावर लिहायचे. वर "श्री गणेशाय नमः", खाली नाव, जन्मवेळ, रास, गोत्र, मामाकुळ. दोन-तीन प्रती काढायच्या आणि कोणी मलकापूरला, बुलढाण्याला निघालं की हाती द्यायच्या. माझं अक्षर बरं, त्यामुळे रोहिणखेडमधले असे कितीतरी कागद माझ्या हातचे आहेत. आता तो कागद फोनमधून जातो. पण आपण तो अजून फुलस्केपसारखाच लिहितो, आणि त्यानं किती घोटाळा होतो ते मी घरातच पाहिलं. म्हणून हा लेख.

माझ्या भाचीचं, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीचं, पहिलं लग्न टिकलं नाही. २०२२ मध्ये रीतसर घटस्फोट झाला. मुलगी नर्स आहे, स्वतःच्या पायावर उभी आहे. गेल्या वर्षी ती स्वतःहून म्हणाली, "आत्या, आता पाहायला हरकत नाही." भावाच्या मुलानं बायोडाटा बनवून आणला. लाल वेलबुट्टीची चौकट, वर गणपती, डाव्या रकान्यात मथळे, उजव्या रकान्यात माहिती, कोपऱ्यात फोटो. पीडीएफ केली आणि नात्यातल्या सगळ्यांना पाठवली. अगदी तळाशी, बारीक अक्षरात एक टीप होती: "प्रथम विवाह कायदेशीररीत्या संपुष्टात आलेला आहे."

एक स्थळ आलं. चहा-पोहे झाले, मंडळी मोकळेपणानं बोलत होती. बोलता बोलता भावानं पहिल्या लग्नाचा विषय काढला, तर मुलाच्या आईचा चेहराच उतरला. त्यांना काही माहीतच नव्हतं. "तुम्ही आम्हाला सांगायला पाहिजे होतं," एवढंच बोलून त्या उठल्या. भाऊ म्हणत राहिला की लिहिलं होतं, लिहिलं होतं. लिहिलं होतं हे खरंच. पण वाचलं गेलं नव्हतं. भाची आतल्या खोलीत होती, तिनं सगळं ऐकलं.

रात्री भावानं तीच पीडीएफ स्वतःच्या फोनवर उघडली आणि माझ्यापुढे धरली. "ताई, मले तं काहीच दिसत नाही व यात. मोठं केलं तं एका बाजूचं दिसते, दुसऱ्या बाजूचं जाते."

त्याचं बरोबर होतं. हिशेब सोपा आहे. ए-फोर कागदाची रुंदी २१ सेंटिमीटर, फोनचा पडदा सुमारे सात सेंटिमीटर. अख्खा कागद पडद्यात बसवला की अक्षर एक तृतीयांश होतं. बारा पॉइंटचं अक्षर चार पॉइंटचं झालं, तर साठीतल्या माणसानं ते वाचायचं कसं? बोटांनी मोठं करावं तर मथळा दिसतो आणि माहिती पडद्याबाहेर जाते. काही जण पीडीएफ न पाठवता तिचा फोटो पाठवतात. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं, त्यामुळे बारीक अक्षरं आणखी पुसट होतात. म्हणजे तळाची टीप आम्ही लिहूनही लपवल्यासारखीच होती.

मग मी आणि भाची बसलो आणि साध्या निरोपासारखा, नुसत्या अक्षरांचा बायोडाटा लिहायला घेतला. तो पहिल्या फटक्यात जमला नाही. आमच्या चुका सांगते, कारण त्या सगळ्यांच्याच होतात.

पहिल्यांदा सगळी माहिती एका परिच्छेदात लिहिली. स्वल्पविराम देत देत चौदा-पंधरा ओळींचा गठ्ठा झाला. लांबलचक निरोप व्हॉट्सअ‍ॅप पूर्ण दाखवत नाही, उरलेला वाचायला बोट लावावं लागतं. आमची महत्त्वाची गोष्ट नेमकी त्या दुमडलेल्या भागात गेली. पुन्हा तेच!

दुसऱ्यांदा मी शाळेतली सवय वापरली. मथळे एकाखाली एक, मधे मोकळ्या जागा देऊन सगळे विसर्गासारखे ठिपके एका रेघेत. फळ्यावर हे छान दिसतं. पण फोनमधल्या अक्षरांची रुंदी सारखी नसते. 'र' चिंचोळा, 'क्ष' रुंद. भाचीच्या फोनवर जरा नीट दिसणारे ठिपके माझ्या फोनवर वाटेल तिकडे पळाले. शिवाय "नोकरीचे ठिकाण :" एवढ्या मथळ्यातच अर्धी ओळ संपते. तेव्हा लक्षात आलं की निम्मे मथळे नकोतच. "बी.एस्सी. नर्सिंग" लिहिलं की ते शिक्षण आहे हे सांगावं लागत नाही.

तिसरी चूक सगळ्यात फसवी. माझ्या पडद्यावर ओळ जिथे संपे तिथे मी एन्टर मारत गेले. मला सुरेख दिसलं. भावाला पाठवलं, तर त्याच्याकडे एक लांब ओळ, मग एकच शब्द, मग पुन्हा लांब ओळ, पुन्हा एकच शब्द. कारण त्याच्या फोनमध्ये अक्षर मोठं केलेलं आहे. त्याच्या पडद्यानं माझी ओळ आधी स्वतःच्या हिशेबानं मोडली, आणि मग माझा एन्टर आला. माझी ओळ दोनदा तुटली.

यातून एक गोष्ट पक्की कळली. ओळ पडद्यापाशी तोडायची नाही, अर्थापाशी तोडायची. एक गोष्ट सांगून झाली की एन्टर. आणि ती गोष्ट इतक्या थोडक्यात सांगायची की मोठ्या अक्षरातही एका ओळीत मावेल. भावाच्या फोनवर एका ओळीत वीसेक अक्षरं बसतात, म्हणजे साधारण चार शब्द. आम्ही तेच माप धरलं.

शेवटी झालं ते असं (नाव आणि नंबर इथे अर्थातच देत नाही):

*नाव आडनाव*
वय २९, उंची ५ फूट २
बी.एस्सी. नर्सिंग
बुलढाण्यात नोकरी

घटस्फोट झालेला, २०२२
मूल नाही
नोकरी पुढेही करणार

वडील शेती, रोहिणखेड
आई घरी
धाकटा भाऊ शिकतो

संपर्क : वडील
(मोबाइल नंबर)

नावाच्या दोन्ही बाजूंना फुल्या दिसतात ना, त्यांच्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपमध्ये नाव ठळक दिसतं. फुली आणि अक्षर यांच्यात जागा सोडायची नाही, नाहीतर नाव साधंच राहतं आणि फुल्या मात्र दिसत राहतात. ठळक फक्त नाव करावं. चार गोष्टी ठळक केल्या की एकही ठळक राहत नाही.

आता मोकळ्या ओळींविषयी. भाचीचं म्हणणं होतं, प्रत्येक ओळीनंतर एक ओळ सोडू, हवेशीर दिसेल. तसं करून पाहिलं. निरोप दुप्पट लांब झाला, पुन्हा दुमडला गेला, आणि कोणती गोष्ट कशाशी जोडलेली हेच कळेना. मोकळी ओळ म्हणजे विषय बदलला ही खूण. ती प्रत्येक ओळीपुढे आली की खूण म्हणून तिचा उपयोग संपतो. म्हणून ती फक्त गटांच्या मधे. पहिला गट तिचा, दुसरा तिच्या लग्नाबद्दलच्या गोष्टींचा, तिसरा घरच्यांचा, चौथा संपर्काचा. एका गटात चारपेक्षा जास्त ओळी नाहीत.

मोबाइल नंबरही वेगळ्या ओळीत हवा. वाक्याच्या मधे असला आणि आकड्यांत जागा सोडलेली असली, तर अर्धा नंबर एका ओळीत आणि अर्धा दुसऱ्या ओळीत जातो, आणि माणूस चुकीचा नंबर लावतो.

हे सगळीकडे चालत नाही हेही सांगते. नातेसंबंधातली आडनावं आणि गावं, म्हणजे मामा, मावशा, आत्या, काका, ही एकेका ओळीत लिहिली तर दोन पडदे भरतील. ती शेवटी, एका परिच्छेदात, स्वल्पविराम देऊनच बरी. तिथपर्यंत जो पोचला त्याला रस आहे, तो वाचतो. पत्रिकेचा तपशीलही मागतील त्यांना वेगळा द्यावा. आणि मेळाव्याच्या पुस्तिकेसाठी किंवा छापून हातात द्यायला चौकटीचा बायोडाटाच योग्य. भाच्याची पीडीएफ फुकट गेली नाही, ती कागदासाठी ठेवली.

टाइप करताना एक सांभाळा. काही फोनांत एन्टर दाबलं की नवी ओळ न येता निरोपच निघून जातो. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ते बंद करता येतं. माझे अर्धवट बायोडाटे दोन नातेवाइकांकडे असेच गेले आहेत. आणि लोकांना पाठवण्याआधी घरातल्या ज्या माणसाच्या फोनमध्ये सर्वांत मोठं अक्षर आहे, त्याला पाठवून पाहा. एखादी ओळ मोडून एकटा शब्द खाली पडला, तर त्या ओळीतला एखादा शब्द काढा. बहुतेक वेळा तो नकोच असतो.

पण सगळ्यात जास्त वेळ आम्हाला लागला तो "घटस्फोट झालेला" या दोन शब्दांना. भाऊ म्हणाला, "एवढं वरतं कायले लिहिता? आधी बाकीचं वाचू द्या लोकायले." मी म्हटलं, भाचीला विचारू. ती बराच वेळ फोनकडे पाहत बसली. मग म्हणाली, "आत्या, मोकळी ओळ सोड आणि लगेच लिही. ज्यांना चालत नाही त्यांनी घरी यायचीच गरज नाही."

तेव्हा मला वाटलं, लांब ओळ आणि बारीक टीप आपल्याला आवडते ती उगाच नाही. अवघड गोष्ट तिच्यात ठेवून देता येते. सांगितल्याचं समाधानही मिळतं आणि कोणी वाचत नाही. चार शब्दांच्या ओळीत ते जमत नाही. तिथे गोष्ट एकतर लिहिलेली असते, नाहीतर नसते.

नवा बायोडाटा गेल्यावर फोन आधीपेक्षा कमी आले. भाऊ जरा नाराज झाला. पण ज्यांचे आले त्यांच्यातल्या एका बाईंनी पहिल्याच वाक्यात विचारलं, "नोकरी बुलढाण्यातच करणार का, की बदलीची तयारी आहे?" म्हणजे त्यांनी घटस्फोटाची ओळ वाचली होती, तिच्या पुढच्या दोनही वाचल्या होत्या. भाचीनं फोन स्वतःच घेतला.

पुढचं काय होईल ते होईल. चहा-पोहे अजून व्हायचे आहेत. पण या वेळी आतल्या खोलीत बसून काही ऐकायची पाळी तिच्यावर येणार नाही.