शिफारसपत्र मागताना
घाटकोपर-मुलुंडकडील मुले परदेशी प्रवेशासाठी जुन्या प्राध्यापकांना "सर, शिफारसपत्र हवे" एवढाच निरोप धाडतात. सरांना चेहरा आठवतो, पण लिहिण्याजोगे काही आठवत नाही. मग पत्रात 'मेहनती, शिस्तप्रिय' एवढेच उरते. म्हणून विनंतीतच उत्तीर्ण झाल्याचे वर्ष, सरांनी शिकवलेला विषय, त्यातील गुण, प्रकल्पाचे नाव आणि त्यावर सरांनी तेव्हा केलेली सूचना कळवावी. अर्जाची मुदत १५ डिसेंबर असेल, तर दिवाळीच्या सुटीपूर्वीच विचारावे आणि पत्रासाठी १ डिसेंबर ही तारीख सुचवावी. बहुतेक परदेशी विद्यापीठे पत्रासाठीचा दुवा थेट सरांच्या ईमेलवर पाठवतात. सर निवृत्त झाले असतील, तर महाविद्यालयाचा ईमेल अजून चालू आहे का, हे अर्ज भरण्याआधीच विचारून घ्यावे.